शके १९४८ लागले. संवत २०८२ की २०८३?

गुरुवारी पाडवा झाला. शुभेच्छांचे जे निरोप फिरले, त्यांतल्या निम्म्यांत ‘शके १९४८’ होतं आणि निम्म्यांत ‘विक्रम संवत २०८३’. मग नेहमीचा वाद सुरू झाला. आपल्याकडच्या कॅलेंडरात ‘विक्रम संवत २०८३ प्रारंभ’ ही ओळ १० नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याच्या चौकटीत दिसते. तोवर संवत २०८२ चालणार. मग उत्तरेतून आलेला २०८३ हा आकडा चुकीचा म्हणायचा का? त्यात आज, रविवारी २२ मार्चला, भारत सरकारच्या दिनदर्शिकेप्रमाणे १ चैत्र १९४८ आहे. म्हणजे पंचांगात चैत्र शुद्ध चतुर्थी असताना सरकारदरबारी चैत्राचा आज पहिला दिवस.

यातलं काहीच चुकीचं नाही. मात्र वर्षाचा आकडा एकटा वाचून भागत नाही. तो कोणत्या महिन्यात बदलतो, हे सोबत ठाऊक असावं लागतं. शक आणि संवत यांच्यात १३५ वर्षांचं अंतर, एवढं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे.

विक्रम संवताची गणना इसवी सनापूर्वी ५८-५७ पासून धरलेली, शकाची इसवी सन ७८ पासून. उत्तर भारतात दोन्ही वर्षं चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलतात, म्हणून तिथे बारा महिने अंतर १३५ राहतं. १९४८ मध्ये १३५ मिळवले की २०८३. गुजरातेत विक्रम वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं आणि आपल्याकडच्या पंचांगांनीही संवतासाठी तीच रीत ठेवली आहे. त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंत शक एकाने पुढे गेलेला असतो, संवत मात्र जुनाच असतो. या काळात अंतर १३४. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पुन्हा १३५. मुंबईच्या शेअर बाजारात दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात आणि व्यापारी चोपडापूजन करतात, ते या कार्तिकी संवतासाठी. गेल्या दिवाळीत त्यांचं २०८२ लागलं, तेव्हा लखनौ-बनारसकडे २०८२ लागून जवळपास सात महिने झाले होते. कच्छात आणखी तिसरी रीत आहे. तिथलं विक्रम वर्ष आषाढात बदलतं.

उत्तरेकडच्या पद्धतीत एक विलक्षण गोष्ट आहे. तिथला महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी चैत्र सुरू होतो. पण वर्ष त्या दिवशी बदलत नाही. चैत्राचा आधीचा वद्य पक्ष जुन्या वर्षात जातो आणि महिन्याच्या मध्यावर, शुद्ध प्रतिपदेला, नवा आकडा येतो. महिना अर्धा जुन्या संवतात, अर्धा नव्यात. अशी मोडणी कोणी मुद्दाम आखेल असं वाटत नाही. दोन वेगळ्या रीती कधीतरी एकमेकींवर बसल्या असाव्यात, अशी शंका येते.

ही शंका शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पद्धतशीर तपासली गेली, आणि तपासणारा माणूस एके काळी पुण्यात शिकवत होता. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन संस्कृतज्ञ १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे गटिंगेनला गेल्यावर त्यांनी विक्रम संवतातले कोरीव लेख आणि हस्तलिखितांच्या शेवटी दिलेल्या मित्या गोळा केल्या आणि ‘इंडियन अँटिक्वेरी’त १८९०-९१ च्या सुमारास त्यांचा निकाल मांडला. मला या सगळ्या विषयात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्याची युक्ती साधी आहे आणि कोणालाही पडताळून पाहता येते.

जुन्या लेखात वर्ष, महिना, पक्ष, तिथी असते आणि पुष्कळदा वारही असतो. वार ही साखळी कुठल्याही पंथाने, प्रांताने तोडलेली नाही. शुक्रवार सगळीकडे शुक्रवारच. तेव्हा लेखातलं वर्ष चैत्री धरून तिथीचा वार काढायचा, मग कार्तिकी धरून काढायचा. महिना अमावास्येला संपणारा धरून पाहायचा, पौर्णिमेला संपणारा धरून पाहायचा. आकडा सरलेल्या वर्षांचा आहे की चालू वर्षाचा, तेही बदलून पाहायचं. यांतल्या ज्या रीतीने लेखात दिलेलाच वार निघतो, ती रीत लिहिणाऱ्याची. एका लेखावरून फार सांगता येत नाही, कारण सातांत एकदा वार योगायोगानेही जुळतो. पण शेकड्याने लेख तपासले की चित्र उभं राहतं. कीलहॉर्न यांना दिसलं ते असं, की विक्रम वर्ष मुळात कार्तिकीच होतं आणि उत्तरेत ते हळूहळू चैत्री होत गेलं. शकाचं वर्ष पूर्वीपासून चैत्री. ज्योतिषी गणित शकात करत. तेव्हा संवतही चैत्रात आला, तो शकाच्या वजनामुळे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे गुजरातची आणि आपल्या पंचांगांची दिवाळीची रीत जुनी आणि उत्तरेची चैत्राची रीत नंतरची. ‘खरं हिंदू नववर्ष कोणतं’ अशा वादात हे लक्षात घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

हीच युक्ती आपल्या अगदी जवळच्या एका मितीवर लावून पाहू. शिवाजी महाराजांचा जन्म जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ असा नोंदलेला आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. जोधपूरकडच्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तिच्यावर संवत १६८६, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी मिती आहे. १६८६ मधून १३५ वजा केले की १५५१. वर्ष जुळलं. फाल्गुन असल्यामुळे चैत्री-कार्तिकीचा प्रश्नही उरत नाही, त्या महिन्यात दोन्ही रीतींनी अंतर १३५ च. पण खरी अडचण महिन्याची आहे. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो. तिथल्या रीतीने फाल्गुन वद्य तृतीया आपल्या फाल्गुन वद्य तृतीयेच्या महिनाभर आधी येते. मग कुंडलीतली मिती आपली की त्यांची?

वार विचारायचा. शके १५५१ ची आपली फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे जुन्या युरोपीय गणनेने १९ फेब्रुवारी १६३०, आणि तो वार शुक्रवार निघतो. मारवाडी रीतीने महिनाभर मागे गेलं तर त्या तृतीयेला सूर्योदयी गुरुवार येतो. म्हणजे संवत उत्तरेकडचा, पण महिना दक्षिणेकडचा. जोधपूरच्या ज्योतिषाकडे ही मिती दक्षिणेतल्या रीतीने मोजणाऱ्या कुणाकडून आली असावी, असं त्यावरून म्हणता येतं. इसवी सनासाठी आपण ७८ मिळवायची सवय लावून घेतलेली असते, पण १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात. पौषापासून पुढे इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, शक बदललेला नसतो, म्हणून फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, त्याला मात्र ७८ च लागतात: १६७४. त्याच दिवशी बनारसेत संवत १७३१ चालू होता आणि अहमदाबादेत १७३०. जुना दस्त किंवा वंशावळ वाचताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा या एका वर्षाच्या असतात, आणि त्या महिना न पाहता गणित केल्यामुळे होतात.

आता नावांबद्दल, कारण दंतकथा सगळ्यांना माहीत आहेत. पैठणच्या शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकले आणि शक सुरू झाला, ही कथा सुंदर आहे. पण नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखांना १८ आणि २४ ही वर्षं आहेत. ती त्याच्या राज्याची वर्षं. सातवाहनांनी स्वतः शक वापरलाच नाही. त्याच लेण्यांत त्याची आई बलश्री त्याला शकांचा नाश करणारा म्हणते. हा काल चालवला तो त्या शकांपैकीच क्षत्रपांनी, आणि रुद्रदामनाच्या जुनागढच्या लेखात वर्ष ७२ आहे, म्हणजे इसवी सन १५०. शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटलं. कनिष्काने तो सुरू केला असं पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं होतं. हॅरी फाल्क यांनी २००१ मध्ये ‘यवनजातक’ या ग्रंथातल्या गणितावरून कनिष्काचा काल इसवी सन १२७ च्या आसपास आणला, तेव्हापासून तो दावा फारच कमजोर झाला आहे. विक्रमाचंही तसंच. त्या संवताला आधी ‘कृत’ म्हणत, मग मालवगणांचा काल म्हणत. मंदसोरच्या रेशीम विणकरांच्या लेखात ४९३ आणि ५२९ ही वर्षं मालवांच्या नावाने आहेत. विक्रमाचं नाव स्पष्टपणे दिसतं ते धौलपूरच्या ८९८ वर्षाच्या, म्हणजे इसवी नवव्या शतकातल्या लेखात.

राहिला सरकारी चैत्र. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने आकडा शकाचा घेतला, पण वर्ष चंद्रावरून काढून सूर्यावर ठेवलं. २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ ठरला. तेव्हापासून हे वर्ष २२ मार्चला बदलतं, इंग्रजी लीप वर्षात २१ मार्चला. चांद्र पाडवा मात्र मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सरकत राहतो, कारण चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं आणि ती तूट अधिक मास भरून काढतो.

यंदा पाडवा सरकारी वर्षाच्या तीन दिवस आधी आला. म्हणून १९ ते २१ मार्च पंचांगात शके १९४८ होतं आणि राजपत्राच्या हिशेबाने १९४७. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. त्यामुळे पुढचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ ला. सरकारी १९४९ मात्र २२ मार्चलाच लागेल. मधले सोळा दिवस उलटी स्थिती: सरकार पुढे, पंचांग मागे. साहांच्या समितीने केलेलं गणित मला पटतं, ऋतूंशी वर्ष बांधून ठेवण्याची त्यांची कळकळही पटते. पण दोन वेगळ्या वर्षांना एकच ‘शके’ आणि एकच ‘चैत्र’ ही नावं देऊन त्यांनी लोकांची अडचण वाढवली, असं माझं ठाम मत आहे. निदान सरकारी कागदावर ‘राष्ट्रीय’ हा शब्द तारखेला जोडून यायला हवा. पुढच्या वर्षी २५ मार्चला कोणी ‘४ चैत्र १९४९’ लिहिलं, तर त्या दिवशी पंचांगात फाल्गुन वद्य पक्ष असेल आणि शके १९४८.