कोड नाहीत, म्हणूनच संशय

जुनी गाडी बघायला जाताना मी खिशात पाच-सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, किल्ली ‘ऑन’ करायची आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये साठलेले कोड वाचायचे.

परवा एका पेट्रोल हॅचबॅकमध्ये एकही कोड निघाला नाही. विकणारा खूश! पण ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ होतं अवघं 6 किलोमीटर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या तपासण्याही ‘अपूर्ण’ दिसत होत्या. म्हणजे पाटी नुकतीच कोरी झालेली. बॅटरी काढली तरी असं होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. ‘शहरात-हायवेवर शे-दीडशे किलोमीटर चालवा, मग पुन्हा बघू,’ एवढंच म्हटलं.

चार दिवसांनी P0420 उगवला. कन्व्हर्टर धूर नीट शुद्ध करत नसल्याची ही खूण. पण कोड लक्षण सांगतो, दोषी भाग नव्हे. सेन्सर बिघडला किंवा सायलेन्सरचा पाइप गळत असला, तरी तोच कोड येऊ शकतो. घिसलेला क्लच आणि गंजलेला पत्रा तर स्कॅनरला दिसतच नाहीत. त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच.