एच२ वरचं प्यादं आणि अडकलेला उंट

११ जुलै १९७२. आइसलँडची राजधानी रेक्याविक. जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला पहिलाच डाव बरोबरीकडे निघाला होता. दोघांकडे राजा, एकेक उंट आणि सहा-सहा प्यादी उरली होती. एकोणतिसाव्या चालीला काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या बॉबी फिशरने डी६ वरच्या उंटाने थेट एच२ वरचं पांढरं प्यादं मारलं. ते प्यादं फुकटचं वाटत होतं.

बोरिस स्पास्कीने जी प्यादं एक घर पुढे, जी३ वर सरकवलं. उंट ज्या तिरप्या वाटेने आला होता ती बंद झाली. खाली जी१ हे घर मोकळं होतं, पण तिथून पुढे जाणारी वाट एफ२ वरच्या पांढऱ्या प्याद्याने अडवली होती. आता डी३ वरचा पांढरा राजा ई२, एफ३, जी२ अशा तीन चालींत पोहोचला की उंट संपला.

मग फिशरसारख्या खेळाडूने हे केलंच कसं? बहुधा त्याचा भरवसा एच प्याद्यावर होता. ते एच५, एच४, एच३ असं धावत गेलं तर जी२ घर राजाला बंद होतं. राजा जी४ वरून ते प्यादं मारायला वळला की उंट जी१ वर उतरून एफ२ वरचं प्यादं मारेल आणि ई१ वरून निसटेल. हिशोब चोख दिसतो. पण त्या क्षणी पांढरा आपला उंट सी१ वरून डी२ वर आणतो आणि ई१ चा दरवाजाही बंद होतो. ही शांत, काहीच न मारणारी चाल आधी दिसणं फार अवघड, आणि माझ्या मते सगळ्या डावाचं मर्म तिच्यातच आहे. फिशरने मग तो मार्ग सोडला. उंटाच्या बदल्यात त्याला निव्वळ दोन प्यादी मिळाली आणि छप्पन्नाव्या चालीला त्याने डाव सोडला. नंतरच्या विश्लेषणात मात्र असं दिसलं, की उंट गेल्यावरही अचूक खेळून बरोबरी साधता आली असती.

घोड्याचं संकट वेगळं. पटाच्या मध्यावर त्याला आठ घरं मिळतात, कडेला फार तर चार, कोपऱ्यात दोनच. समजा काळा घोडा ए५ वर आहे. पांढरा उंट डी५ वर बसला, की बी७, सी६, सी४ आणि बी३ ही चारही घरं त्या एकट्या उंटाच्या माऱ्यात येतात. घोडा जिवंत असतो, पण जाईल तिथे मरतो. तरीही उंट त्याला स्वतः मारू शकत नाही. ते काम राजाला किंवा बी४ वर येणाऱ्या प्याद्याला करावं लागतं. म्हणून काळ्याच्या हातात असतो तो तेवढाच अवधी: ई६ वर प्यादं सरकवून उंटाला डी५ वरून हुसकावता आलं, तर घोड्याची वाट मोकळी होते.