मळीचा भाव कोण ठरवतो?

साखर कारखान्यांचे हिशेब तपासण्यात माझी उमेद गेली. एका कारखान्याचा ताळेबंद मात्र अजून आठवतो. साखर विभाग तोट्यात आणि शेजारची डिस्टिलरी भरघोस नफ्यात. मालक एक, आवार एक. मधल्या पाइपातून मळी वाहत होती, तिचा भाव वहीत टनाला ४,००० रुपये धरला होता. हा भाव बाजारातला नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिला आणि पुढे तसाच राहिला.

हिशेब सोपे आकडे घेऊन पाहू. एक टन मळीपासून २२० लिटर अल्कोहोल निघाले आणि लिटरला ५० रुपये मिळाले, तर ११,००० रुपये येतात. त्यातून प्रक्रियेचा २,५०० रुपये खर्च वजा केला की ८,५०० उरतात. मळी ४,०००ला धरली तर डिस्टिलरीचा नफा ४,५००. ८,०००ला धरली तर अवघा ५००. कंपनीच्या तिजोरीत दोन्ही वेळा ८,५००च. भाव बदलून पैसा वाढत नाही, फक्त या खिशातून त्या खिशात जातो.

मग बिघडते कुठे? निर्णयात. समजा, बाहेरचा व्यापारी मळीला टनामागे ९,००० द्यायला तयार आहे. विकली तर कंपनीला ५०० जास्त. पण डिस्टिलरीचा व्यवस्थापक स्वतःचे ४,५०० बघतो आणि मळी सोडत नाही. उलट बाहेर भाव ५,००० असताना वहीत ९,००० धरले, तर डिस्टिलरी तोट्यात दिसेल आणि कोणीतरी ती बंद करायला निघेल. प्रत्यक्षात ती चालवण्यातच फायदा असेल.

साखर आणि मळी एकाच उसातून निघतात, त्यामुळे मळीचा ‘खरा उत्पादनखर्च’ वेगळा काढता येत नाही. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: ही मळी आत दिली नसती, तर वाहतूक वजा जाता बाहेर काय मिळाले असते? तो आकडा म्हणजे तळ. डिस्टिलरीला परवडणारे ८,५०० म्हणजे छत. तळ छताच्या वर गेला, तर मळी बाहेरच विकावी.

याची झळ शेतापर्यंत पोहोचते. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि मळी, बगॅससारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला देण्याचे सूत्र सुचवले. साधारण २५ टन उसामागे एक टन मळी निघते. ९,००० ऐवजी ४,००० धरले, तर शेतकऱ्याच्या हिशेबातून मळीच्या टनामागे ३,५०० रुपये, म्हणजे उसाच्या टनामागे १४० रुपये गळतात. सूत्राने येणारा दर एफआरपीपेक्षा जास्त असेल, तेव्हा ही गळती थेट त्याच्या खिशाला लागते.

म्हणून आता कुठलाही ताळेबंद हाती आला, की नफ्याच्या आधी मी मळीचा भाव आणि तो शेवटचा कधी बदलला, हे पाहतो.