पार्सलमधलं ‘थँक यू’ कार्ड फेकलं जातं, मग दुसरी ऑर्डर कशी मिळते?

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसोबत हल्ली एक छोटं कार्ड येतंच. वर ‘मनापासून धन्यवाद’, खाली बदाम, इन्स्टाग्रामचं हँडल आणि ‘पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट’. कार्ड छान दिसतं, स्टोरीला एखादा फोटो पडतो आणि संध्याकाळपर्यंत ते खोक्यासोबत रद्दीत जातं.

पण काही कार्डं वर्षभर घरात टिकतात. वस्तू कशी वापरायची, कशी जपायची हे ज्यावर लिहिलेलं असतं, ती कार्डं. पुन्हा ऑर्डर मिळवायची असेल तर खरा जोर या दुसऱ्या कार्डावर द्यायला हवा. का, ते बिडाच्या तव्याच्या उदाहरणावरून पाहू.

समजा, सांगलीतली एक छोटी विक्रेती बिडाचे तवे कुरिअरने पाठवते. ग्राहक पुण्यातला, आयुष्यभर नॉनस्टिक वापरलेला. तो तवा घेतो, साबणाने खसखसून घासतो आणि ओलाच ओट्यावर ठेवतो. सकाळी तव्यावर तांबूस डाग दिसतात. त्याच्या दृष्टीने माल खराब निघालेला असतो. प्रत्यक्षात बिडाला पाणी लागून राहिलं तर गंज धरणारच. तो मीठ आणि तेलाने घासून काढता येतो, तवा वाया जात नाही. पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग परताव्याची मागणी होते, एक स्टार पडतो आणि दुसऱ्या ऑर्डरचा विषयच संपतो.

म्हणून कार्ड लिहिताना पहिला प्रश्न असा विचारायचा: वस्तू हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात काय बिघडतं? उत्तर सापडतं व्हॉट्सॲपच्या जुन्या मेसेजमध्ये. शेवटच्या पन्नासेक ग्राहकांनी काय विचारलं ते पाहिलं की तेच तीन-चार प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात. तव्याच्या बाबतीत साधारण हेच: गंज आला, डोसा चिकटतो, पुसलं की काळं निघतं. कार्डावर एवढंच हवं. बिडाचा इतिहास, आजीच्या स्वयंपाकघराची आठवण वगैरे वेबसाइटवर राहू दे.

मजकूर साधारण असा होऊ शकतो:

‘पहिल्यांदा: कोमट पाण्याने धुवा, कापडाने पुसा, मंद आचेवर पूर्ण कोरडा करा. थेंबभर तेल चोळा आणि जवळजवळ सगळं पुसून टाका. धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन वेळा करा.
रोज: भिजत ठेवू नका. धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा. सुरुवातीला चिंच-टोमॅटोचे पदार्थ टाळा.
गंज दिसला? घाबरू नका, तवा खराब झालेला नाही. मीठ आणि तेल टाकून घासा, धुवा, कोरडा करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.’

यात ‘जवळजवळ सगळं पुसून टाका’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पातळ थर तापून लोखंडावर पक्का बसतो, जाड थर मात्र चिकट राहतो. नुसतं ‘तेल लावा’ लिहिलं तर लोक चमचाभर ओततात आणि मग तवा चिकट झाल्याची तक्रार येते. ‘योग्य काळजी घ्या’ किंवा ‘कोरड्या जागी ठेवा’ अशा वाक्यांचा काहीच उपयोग नसतो. मजकूर तयार झाला की ज्याने कधीच बिडाचा तवा वापरला नाही अशा माणसाला नुसतं कार्ड आणि तवा द्यायचा आणि गप्प बसून पाहायचं. तो जिथे थांबून विचारतो, ते वाक्य बदलायचं.

आता छपाई. 4 × 5.5 इंचाची आठ कार्डं 12 × 18 इंचाच्या एका शीटवर बसतात, त्यामुळे डिजिटल प्रेसवर शंभर कार्डंही छापून घेता येतात. समजा दोन्ही बाजूंची एक शीट 48 रुपयांना पडली, तर एक कार्ड 6 रुपयांचं झालं. कागद 300 जीएसएमचा, पण चकचकीत नको. चकचकीत कागदावर पेनाची शाई पसरते आणि ग्राहकाचं नाव हाताने लिहिता येत नाही. वरच्या कोपऱ्यात भोक पाडलं तर कार्ड स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवता येतं. तव्याला तेल लावलेलं असतं, म्हणून कार्ड तव्याला खेटून नको. बबल रॅपच्या बाहेर, खोकं उघडताच दिसेल असं ठेवायचं.

मराठी मजकुराचा एक खास घोटाळा असतो. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल प्रेसवरच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये उघडली की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली पीडीएफ द्यायची आणि शंभर प्रती काढण्याआधी एक प्रत छापून वाचायची. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरंही टाळलेली बरी, मात्रा आणि अनुस्वार शाईत बुजतात.

मग दुसऱ्या ऑर्डरचं काय? इथे बरेच विक्रेते गडबडतात. चांगला तवा घेतलेला माणूस पुढची अनेक वर्षं दुसरा तवा घेणार नाही. त्याला ‘पुढच्या तव्यावर सूट’ देऊन काय होणार? त्याला लागू शकतं ते फोडणीचं कढलं किंवा अप्पेपात्र. काळजीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला अशी एकच वस्तू दाखवावी. ‘मोफत डिलिव्हरी’ची घाई मात्र नको. बीड जड असतं आणि कुरिअर वजनावर पैसे घेतं. 350 रुपयांच्या कढल्यावर 10 टक्के सूट म्हणजे 35 रुपये जातात. डिलिव्हरीला 80 रुपये लागत असतील तर ती मोफत देणं दुपटीहून महाग पडतं.

त्याखाली क्यूआर कोड. तो निदान 2 सेंटिमीटरचा, भोवती मोकळी पांढरी जागा ठेवून छापायचा. तो विक्रेत्याच्या व्हॉट्सॲपवर नेत असेल तर लिंकमध्येच मेसेज भरून ठेवता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TAVA
```

कोड स्कॅन करून पाठवलेला मेसेज ‘TAVA’ असा आला की तो कार्डावरून आला हे कळतं. गंजाबद्दल विचारायला आलेला ग्राहकही याच दारातून येतो. त्याची अडचण लगेच सुटली, तर सूट न देताही तो परत येण्याची शक्यता वाढते.

एक सावधगिरी. ॲमेझॉनसारख्या साइटवरून गेलेल्या पार्सलमध्ये हे कार्ड जसंच्या तसं चालत नाही. ग्राहकाला साइटबाहेर वळवणं किंवा चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं त्यांच्या नियमांत बसत नाही, विक्रेत्याचं खातं बंद होऊ शकतं. ‘पाच स्टार द्या, 50 रुपये मिळवा’ असली कार्डं सर्रास दिसतात, म्हणून ती चालतात असं नाही. तिथे फक्त काळजीची बाजू छापलेलं कार्ड टाकावं.

कार्डाचा उपयोग होतोय का, हे आधी ऑर्डरमध्ये दिसणार नाही. काही आठवडे एकाआड एक पार्सलमध्ये कार्ड टाकावं आणि गंज-चिकटण्याच्या तक्रारी कुठून येतात याची वहीत नोंद ठेवावी. चाळीसेक पार्सलमध्ये एखाद-दुसरी ऑर्डर इकडेतिकडे होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. तक्रारींचा फरक त्याआधी दिसतो. आणि कार्ड मिळूनही लोक तोच प्रश्न विचारत असतील, तर पुढच्या छपाईत ते वाक्य बदलायचं.