वारसाहक्काचे घर आणि भांडवली नफा

वारसाहक्काने मिळालेले घर विकताना खरेदीची किंमत शून्य धरली जात नाही. मूळ मालकाने मोजलेली किंमत वारसाची ठरते आणि त्याचा ताबाकाळही वारसाच्या काळात मिळवला जातो. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो, मात्र तो तेव्हाच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नसावा.

समजा, वडिलांनी १९९२ मध्ये घेतलेले घर २०१५ मध्ये मुलीकडे आले, २००१ चे मूल्य १० लाख आणि २०२५-२६ मधली विक्री ६० लाख. महागाई निर्देशांक १०० वरून ३७६ झाला, म्हणून किंमत ३७.६ लाख, नफा २२.४ लाख आणि २० टक्क्यांनी कर ४.४८ लाख (उपकर वेगळा). निर्देशांक २०१५ पासून मोजला तर नफा ४५ लाखांवर जातो. ही चूक सर्रास होते. बक्षीस मिळालेल्या घराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आधीच्या मालकाचेच वर्ष ग्राह्य धरले, तेच तत्त्व इथे लागू पडते.

निर्देशांकाविना १२.५ टक्क्यांनी हाच कर ६.२५ लाख होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन्हींपैकी कमी कर भरता येतो. अनिवासी वारसाला ही सवलत नाही.