अंगात कुणी नसलेला कुर्ता

ऑनलाइन दुकानात कुर्ता पाहताना तो अंगात घातल्यासारखा भरलेला दिसतो, पण आत माणूस नसतो, पुतळाही नसतो. गळ्यातून थेट मागची आतली बाजू आणि तिथे शिवलेलं लेबल दिसतं. हा एक फोटो नसून दोन फोटोंचा जोड असतो.

गोल गळ्याचा निळा सुती कुर्ता घेऊ. तो इस्त्री करून पुतळ्याला घालतात आणि सैल कापड पाठीमागे टाचण्यांनी आवळतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, छातीच्या उंचीला. हा पहिला फोटो. यात पुतळ्याची मान मागच्या गळ्याला झाकते, म्हणून नुसता पुतळा पुसला तर तिथे भोकच उरतं. ते भरायला दुसरा फोटो लागतो. कुर्ता उलटा करून पुन्हा पुतळ्याला घालायचा आणि पाठीकडून टिपायचा. मागच्या गळ्याची आतली बाजू लेबलासकट समोर येते. कॅमेरा, दिवे आणि व्हाइट बॅलन्स मात्र तसेच ठेवायचे. नाहीतर गळ्याच्या आत निळ्याची वेगळीच छटा उमटते आणि जोड लगेच ओळखू येतो.

पुढचं काम फोटोशॉपमध्ये. Pen Tool ने कुर्त्याची कड आखतात, ती कापडाच्या एक-दोन पिक्सेल आतून, म्हणजे मागच्या पडद्याची पांढरी रेघ राहत नाही. मग Layer Mask लावून पुतळा लपवतात. खोडत नाहीत, कारण एखादी बाही जास्त कापली गेली तर ती परत आणता येते. दुसऱ्या फोटोतला गळ्याचा तुकडा खालच्या लेयरवर ठेवून, दोन्ही खांद्यांच्या शिवणी जुळेपर्यंत किंचित वाकवतात.

खरी कसोटी सावलीची. पुढच्या गळ्याची कड आतल्या कापडावर सावली टाकते. ती नसेल तर तुकडा चिकटवलेला वाटतो. वेगळ्या लेयरवर Multiply निवडून, कुर्त्याच्याच रंगाच्या गडद छटेने, मऊ ब्रशने ती रंगवतात. काळ्या रंगाने केली तर मळ साचल्यासारखी दिसते. मागचा गळा फार वर घेतला, तर कुर्ता बंद गळ्याचा वाटतो. हीसुद्धा नेहमीची चूक.

मान आणि छातीचा तुकडा निघणारे पुतळे मिळतात. रोज ढिगाने कपडे टिपणाऱ्यांनी तेच घ्यावेत, बराचसा खटाटोप वाचतो. पण ऑर्गन्झासारख्या पारदर्शक कापडापुढे काही चालत नाही. पुतळा कापडातूनच दिसतो आणि कड कितीही नेटकी आखली तरी आतला रंग जात नाही. असे कपडे सपाट मांडून टिपलेले बरे. हँगरचंही तेच: हुक पुसणं सोपं, पण खांद्यांना त्याने दिलेला टोकदार आकार पुसता येत नाही.

खरेदी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: फोटोतला कुर्ता पाठीमागे टाचलेला असू शकतो. माप ठरवताना चित्राकडे नव्हे, छातीच्या आणि खांद्याच्या इंचांकडे पाहा.