वॉर्डात लावायची प्रार्थना

रुग्णालयाभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथली आवाजाची मर्यादा दिवसा 50 डेसिबल आणि रात्री 40. खाटेजवळ मोबाइलवर लावलेली, टाळ-ढोलकीची साधी आरतीही ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून रुग्णांसाठीच्या प्रार्थनेच्या व्हिडिओत एकच संथ आवाज आणि फार तर तंबोरा पुरे. अचानक घंटा किंवा शंख नको. झोप लागलेला माणूस दचकतो. दृश्यही मंद, न लुकलुकणारे असावे.

खरी कसोटी मात्र शब्दांची. ‘श्रद्धा ठेवा, नक्की बरे व्हाल’ हे वाक्य ऐकायला गोड वाटते. पण रिपोर्ट वाईट आला, तर रुग्णाला आपलीच श्रद्धा कमी पडली असे वाटू लागते. त्याऐवजी ‘आजची रात्र शांत जावो, वेदना सोसायला बळ मिळो’ एवढेच मागावे. ज्ञानेश्वरांचे पसायदानही बरे होण्याची हमी देत नाही, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. रात्रभर स्टुलावर बसलेल्या लेकीसाठी किंवा नवऱ्यासाठीही एक ओळ हवी: ‘तू थकलीस तर जरा टेक, त्यात अपराध नाही.’ बहुतेक व्हिडिओ नेमके हेच विसरतात.

व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते. इअरफोन एकाच कानात घाला, म्हणजे नर्सची हाक ऐकू येईल. आणि लावण्याआधी रुग्णाला विचारा. नको म्हणाला, तर बंद ठेवा.